पेशी दुखावली की पित्त अडलं?

पॅथॉलॉजीच्या परीक्षेत एक प्रश्न वेगवेगळ्या रूपांत हमखास भेटतो. बेचाळीस वर्षांची एक बाई आहे. रात्री जेवण झाल्यावर दोनेक तासांनी तिच्या पोटात उजव्या बाजूला, बरगडीच्या खाली, जोराची कळ उठली आणि उजव्या खांद्याच्या मागे पाठीपर्यंत गेली. दोन उलट्या झाल्या. सकाळी दवाखान्यात आणलं तेव्हा डोळ्यांत पुसटशी पिवळी झाक होती. कळ सुरू झाल्यापासून आठ तासांनी रक्त घेतलं. रिपोर्टमध्ये बिलिरुबिन २.१, एसजीओटी ६६०, एसजीपीटी ६२० आणि अल्कलाइन फॉस्फेटेज १३० आलं. त्या लॅबमध्ये बिलिरुबिनची वरची मर्यादा १.२, दोन्ही एसजी तपासण्यांची ४० आणि अल्कलाइन फॉस्फेटेजची १२० आहे. निदान काय? विषाणूंमुळे झालेली कावीळ, औषधाचा दुष्परिणाम, पित्तनलिकेत अडकलेला खडा, की हाडांचा आजार?

ज्याने पाठांतर चोख केलं आहे, तो विद्यार्थी पहिल्या किंवा दुसऱ्या पर्यायावर खूण करतो. एसजीपीटी पंधरापट वाढलं आहे आणि अल्कलाइन फॉस्फेटेज जेमतेम मर्यादेबाहेर आहे, म्हणजे यकृताच्या पेशींना इजा झाली, असा त्याचा हिशेब असतो. हिशेब बरोबर असतो, उत्तर मात्र चुकतं. बरोबर उत्तर खडा हे आहे. हे असं का होतं ते समजलं, तर काविळीचा रिपोर्ट कसा वाचायचा हे बऱ्याच अंशी समजलं असं म्हणता येईल.

काविळीच्या रुग्णाबद्दल डॉक्टरांना सर्वांत आधी एका गोष्टीचा निकाल लावायचा असतो. यकृताच्या पेशीच दुखावल्या आहेत, की पेशी ठीक आहेत पण त्यांनी तयार केलेलं पित्त पुढे सरकत नाही? पहिल्या प्रकाराला पेशीय इजा म्हणतात, दुसऱ्याला पित्तावरोध. दोन्हींत डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते आणि बिलिरुबिन चढतं. डायरेक्ट बिलिरुबिन जास्त आलं म्हणजे पित्त अडलं, असा एक समज आहे. तो खरा नाही. सुजलेली पेशी बिलिरुबिनवर प्रक्रिया करते, पण ते पित्तात ढकलणं तिला जमत नाही. त्यामुळे डायरेक्ट बिलिरुबिन दोन्ही प्रकारांत वाढतं आणि त्यावरून फरक कळत नाही. फरक कळतो तो एन्झाइमवरून, कारण दोन प्रकारची एन्झाइम रक्तात दोन वेगळ्या वाटांनी येतात.

एसजीपीटी, म्हणजे हल्ली रिपोर्टवर एएलटी असंही लिहितात ते, यकृताच्या पेशीच्या आतल्या द्रवात तयार साठलेलं असतं. पेशीचं आवरण फाटलं किंवा नुसतं सैल पडलं, तरी ते काही तासांत रक्तात झिरपतं. ते नव्याने बनण्याची वाट पाहावी लागत नाही. एसजीओटीचं, म्हणजेच एएसटीचंही तसंच आहे. मात्र ते हृदयात, हातापायांच्या स्नायूंत आणि तांबड्या रक्तपेशींतही असतं. म्हणून यकृताच्या बाबतीत एसजीपीटीची साक्ष जास्त भरवशाची. न्यूयॉर्कमध्ये लाड्यू, रोब्लेव्स्की आणि कार्मेन यांनी १९५४ साली एसजीओटी पहिल्यांदा वापरलं ते हृदयविकाराच्या झटक्यासाठी. पुढच्या एक-दोन वर्षांत ते आणि एसजीपीटी यकृताच्या तपासणीत आले.

अल्कलाइन फॉस्फेटेजची, थोडक्यात एएलपीची, गोष्ट निराळी आहे. ते पेशीच्या पोटात साठलेलं नसतं. यकृताच्या दोन शेजारच्या पेशींच्या मध्ये केसाहून बारीक अशी पित्ताची वाट असते. त्या वाटेच्या बाजूच्या आवरणावर ते बसलेलं असतं. पित्त अडलं की पित्ताम्लं तुंबतात, आणि तुंबलेली पित्ताम्लं पेशीला हे एन्झाइम जास्त बनवायला लावतात. हे नवं बनलेलं एन्झाइम मग रक्तात येतं. पूर्वी असं मानत की एएलपी हाडांतून येतं, ते एरवी पित्तावाटे बाहेर जातं आणि वाट बंद झाल्यावर रक्तात साठतं. १९७० साली कॅप्लन आणि रिगेटी यांनी उंदरांच्या पित्तनलिका बांधून दाखवलं, की यकृतातच हे एन्झाइम नव्याने तयार होतं. प्रथिनं बनण्याची क्रियाच औषधाने थांबवली, तर पित्तनलिका बांधूनही त्याची वाढ होत नाही.

या दोन वाटांचा अर्थ असा, की एसजीपीटी लगेच चढतं आणि एएलपीला वेळ लागतो. पेशीने ते बनवायचं, मग ते रक्तात यायचं, यात एक-दोन दिवस जातात. उतरतानाही हाच फरक दिसतो. पेशींची इजा थांबली की रक्तातलं एसजीपीटी साधारण दोन दिवसांत निम्मं होतं. एसजीओटी त्याहून झपाट्याने, पाऊण दिवसाच्या आतच निम्म्यावर येतं. एएलपी मात्र अडथळा दूर झाल्यावरही कित्येक दिवस रेंगाळतं.

नुसत्या नजरेने ‘हे जास्त, ते कमी’ ठरवताना गफलत होते, कारण दोन्हींच्या मर्यादा वेगळ्या असतात आणि लॅबप्रमाणे बदलतात. एसजीपीटी २०० आणि एएलपी २०० हे आकडे सारखे दिसतात, पण पहिला आपल्या मर्यादेच्या पाचपट आहे आणि दुसरा दीडपटीच्या आसपास. म्हणून दोघांना आधी आपापल्या मर्यादेने भागायचं आणि मग एकमेकांशी ताडायचं. औषधांमुळे होणारी यकृताची इजा कशी ओळखावी यावर पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांची बैठक झाली होती. तिच्या निष्कर्षांतून, १९९० च्या सुमारास, हे गुणोत्तर रूढ झालं. त्याला आर म्हणतात.

आर = (एसजीपीटी ÷ त्याची वरची मर्यादा) ÷ (एएलपी ÷ त्याची वरची मर्यादा)

आर पाच किंवा त्याहून जास्त आला तर पेशीय इजा, दोन किंवा त्याहून कमी आला तर पित्तावरोध, आणि मधे आला तर मिश्र चित्र. परीक्षेतल्या बाईचा हिशेब मांडून पाहू. ६२० भागिले ४० म्हणजे १५.५. १३० भागिले १२० म्हणजे जवळपास १.०८. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की आर येतो १४ च्या थोडा वर. नियमाने ही निर्विवाद पेशीय इजा झाली.

आणि ती खोटीही नाही. खडा पित्ताशयातून निसटून मुख्य पित्तनलिकेत अडकला की नलिकेतला दाब एकदम वाढतो. पित्ताम्लं साबणासारखी असतात, चरबी विरघळवतात, आणि पेशीचं आवरण चरबीचंच असतं. दाब आणि पित्ताम्लं दोन्ही मिळून यकृताच्या पेशींना पहिल्या काही तासांत खरोखर इजा करतात. आत साठलेलं एसजीपीटी आणि एसजीओटी लगेच रक्तात येतं, शेकड्यांत, क्वचित हजाराच्याही पुढे. एएलपी त्या वेळी नुकतं बनायला लागलेलं असतं. म्हणजे आठव्या तासाला घेतलेलं रक्त खरंच सांगतं. फक्त ते गोष्टीचा पहिला अंक सांगतं, आणि आर काढणारा तो संपूर्ण गोष्ट समजून बसतो.

म्हणून चांगला परीक्षक प्रश्नाचा दुसरा भाग देतो. त्याच बाईचं अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा रक्त घेतलं. एसजीपीटी ३०० वर उतरलं आहे, एसजीओटी १२० वर, आणि एएलपी १३० वरून ३३० वर चढलं आहे. बिलिरुबिन ५ झालं आहे. आता आर साडेसात भागिले २.७५, म्हणजे २.७. चित्र मिश्र झालं. आणखी दोन दिवसांनी एसजीपीटी १५०, एएलपी ४१०. आर १.१. आता तोच नियम म्हणतो, पित्तावरोध.

बाई तीच, खडा तोच, आणि चार दिवसांत आर १४ वरून १ वर आला. यातून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, एसजीपीटी आणि एसजीओटी झपाट्याने उतरत असताना एएलपी आणि बिलिरुबिन चढत असेल, तर पित्ताची वाट अडली आहे असं धरून चालावं. दोन, पहिल्या दिवशीही गोष्टीत पुरेसा पुरावा होता. कळ अचानक उठली होती, जेवणानंतर उठली होती, आणि आकडे आठ तासांत शेकड्यांत गेले होते. ‘रक्त केव्हा घेतलं’ हा तपशील प्रश्नात उगाच घातलेला नसतो. बहुतेक वेळा उत्तर त्यातच असतं.

शेजारी दुसरा रुग्ण ठेवला की हे आणखी उघड होतं. एकवीस वर्षांचा मुलगा, पावसाळ्याचे दिवस. पाच-सहा दिवस अंगात कणकण, अन्नावरची वासना उडालेली, मळमळ. मग लघवी पिवळी आणि डोळे पिवळे. त्या दिवशी एसजीपीटी १८४०, एएलपी १६५. आर साधारण ३३. दोन दिवसांनी एसजीपीटी १५००, एएलपी १७०. आर अजूनही २६ च्या आसपास. इथे आकडे डुलत नाहीत, एकाच बाजूला राहतात, कारण विषाणूविरुद्धच्या लढाईत पेशी रोज दुखावल्या जात आहेत. हिपॅटायटिस ए आणि ई हे दोन्ही विषाणू दूषित पाण्यातून पसरतात. दिल्लीत १९५५-५६ च्या हिवाळ्यात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळून काविळीची मोठी साथ आली होती. ती हिपॅटायटिस ईची होती हे साठवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून पुष्कळ वर्षांनी कळलं. इचलकरंजीत २०१२ साली आलेली काविळीची साथही ईचीच.

मात्र इथेही काळाकडे पाठ फिरवता येत नाही. हिपॅटायटिस एच्या काही रुग्णांत पेशी सावरल्यावर पित्त अडल्यासारखा एक टप्पा येतो. एसजीपीटी मर्यादेजवळ आलेलं असतं, पण बिलिरुबिन आणि एएलपी कित्येक आठवडे चढंच राहतं आणि अंगाला विलक्षण खाज सुटते. त्या वेळचा एकच रिपोर्ट हातात आला तर आर दोनच्या खाली येईल आणि नसलेल्या खड्याचा शोध सुरू होईल. खड्याच्या रुग्णात पेशीय इजेचं चित्र सुरुवातीला दिसतं, विषाणूच्या रुग्णात पित्तावरोधाचं चित्र शेवटी. एका कागदावरून हा क्रम दिसणार नाही, त्याला तारखा लावलेले दोन-तीन कागद लागतात.

आर काढण्याआधी आणखी एक खात्री करावी लागते, ती आकड्यांच्या उगमाची. एएलपी हाडांतही बनतं. वाढत्या वयाच्या मुलाचं एएलपी मोठ्या माणसाच्या मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट असणं स्वाभाविक आहे. मोडलेलं हाड जुळत असताना ते वाढतं. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत वारेतून येणाऱ्या एएलपीमुळे वाढतं. अशा वेळी जीजीटी ही तपासणी उपयोगी पडते. ते यकृतात आणि पित्तनलिकांत असतं, हाडांत नसतं. एएलपी आणि जीजीटी दोन्ही चढलेली असतील तर वाढ यकृताकडून आहे. एएलपी एकटंच चढलं असेल तर हाडांकडे पाहावं. पण जीजीटी एकट्यावर विसंबू नये, कारण दारूने आणि फिट्सच्या काही गोळ्यांनीही ते वाढतं. एसजीओटीच्या बाबतीत स्नायूंची आठवण ठेवावी. जबर व्यायाम केल्यावर किंवा स्नायूंना मार लागल्यावर एसजीओटी आणि थोड्या प्रमाणात एसजीपीटीही वाढतं. तिथे सीपीके तपासलं की उलगडा होतो.

एक चूक थेट रक्त घेण्याच्या टेबलावर घडते. रक्तपेशी मोजायच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत इडीटीए नावाचं रसायन असतं, ते रक्त गोठू देत नाही. यकृताच्या तपासणीला वेगळी नळी लागते. त्या नळीत रक्त कमी पडलं म्हणून कुणी जांभळ्या नळीतलं थोडं तिच्यात ओतलं, तर इडीटीएही आत जातं. एएलपीला काम करायला जस्त आणि मॅग्नेशियम लागतं, आणि इडीटीए नेमकं तेच धरून ठेवतं. यंत्र एन्झाइमचं काम मोजतं, त्यामुळे काम थांबलं की आकडा कोसळतो. आपल्या बाईच्या शेवटच्या नमुन्यात असं घडलं आणि ४१० ऐवजी २५ छापून आलं, तर आर १.१ ऐवजी १८ येईल आणि पित्तावरोध कागदावरून पार पुसला जाईल. ही चूक सापडते ती शेजारच्या आकड्यांवरून. इडीटीए कॅल्शियमही धरतं, आणि नळीत ते पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं. म्हणून एएलपी आणि कॅल्शियम दोन्ही न पटण्याइतकी कमी आणि पोटॅशियम भलतंच जास्त, असं त्रिकूट दिसलं की रुग्णाला औषध देण्याआधी नवा नमुना घ्यावा.

आता आरच्या मर्यादा. पित्तावरोध आहे एवढंच तो सांगतो, कुठे आहे ते सांगत नाही. खड्याने किंवा स्वादुपिंडाच्या गाठीने मोठी नलिका बाहेरून बंद होऊ शकते. तसंच काही औषधांनी, गरोदरपणात किंवा यकृतातल्या बारीक नलिकांच्या आजाराने पित्त यकृताच्या आतच अडू शकतं. आर दोन्हींत सारखाच येतो. हा फरक सोनोग्राफीने कळतो, कारण बाहेर अडथळा असला की त्याच्या मागच्या नलिका फुगतात. इथेही वेळेचाच प्रश्न येतो. अडथळ्याच्या पहिल्या काही तासांत नलिका फुगलेल्या नसतात. शिवाय मुख्य नलिकेचं खालचं टोक आतड्यातल्या हवेआड दडतं. पित्ताशयातले खडे सोनोग्राफीत छान दिसतात, नलिकेतला खडा मात्र सुटू शकतो. सोनोग्राफी साफ आली आणि आकडे अडथळ्याकडे बोट दाखवत असले, तर पित्तनलिकांचा एमआरआय करतात, त्याला एमआरसीपी म्हणतात.

दुसरी मर्यादा जास्त गंभीर आहे. ही एन्झाइम यकृताला काय होतंय ते सांगतात, यकृत अजून किती काम करू शकतं ते सांगत नाहीत. एसजीपीटी २००० वरून ३०० वर आलं म्हणून घरचे सुटकेचा श्वास टाकतात. पण फुटायला पेशीच उरल्या नसतील तरीही ते असंच उतरतं. म्हणून सोबत प्रोथ्रॉम्बिन टाइम, म्हणजे आयएनआर, पाहावाच लागतो. रक्त गोठवणारी प्रथिनं यकृत बनवतं, आणि ती बनणं थांबलं की आयएनआर चढतो. एसजीपीटी उतरतंय आणि आयएनआर चढतोय, ही यकृत निकामी होत असल्याची खूण आहे.

हाच आयएनआर आपल्या मूळ प्रश्नाचाही एक सुंदर पुरावा देतो. पित्त बरेच दिवस आतड्यात उतरलं नाही तर आहारातलं व्हिटॅमिन के शोषलं जात नाही, कारण ते चरबीत विरघळणारं आहे आणि त्याला पित्त लागतं. गोठण्याच्या काही प्रथिनांना हेच व्हिटॅमिन हवं असतं. म्हणजे यकृत धडधाकट असूनही आयएनआर वाढतो. अशा रुग्णाला व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलं की साधारण एका दिवसात आयएनआर सुधारतो. पेशीच मोडकळीला आल्या असतील तर इंजेक्शनने फारसा फरक पडत नाही, कारण कच्चा माल आला तरी कारखाना बंद आहे.

हे सगळं सामान्य वाचकाला सांगायचं कारण आपल्या घराघरांत आहे. कावीळ झाली की अनेक घरी पहिला विचार डॉक्टरचा नसतो, कुणीतरी गावठी औषध देणारा किंवा कावीळ उतरवणारा गाठला जातो. हिपॅटायटिस ए आणि ईची कावीळ बहुतेक निरोगी माणसांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते, त्यामुळे श्रेय त्या औषधाला मिळतं आणि विश्वास पक्का होतो. खड्याने किंवा गाठीने अडलेली कावीळ अशी उतरत नाही. तिथे ते आठवडे वाया जातात. तुंबलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झाला तर थंडी वाजून ताप, कावीळ आणि पोटातली कळ असं चित्र होतं. मग काही तासांत रक्तदाब कोसळू शकतो. त्या रुग्णाला नुसतं अँटिबायोटिक पुरत नाही, दुर्बिणीतून किंवा अन्य मार्गाने वाट मोकळीच करावी लागते.

म्हणून काविळीच्या रुग्णाच्या घरच्यांनी एवढं करावं. ‘यकृताची तपासणी’ म्हणून नुसतं बिलिरुबिन करून थांबू नये, एसजीपीटी आणि एएलपी दोन्ही करून घ्यावी आणि सोबत आयएनआर असावा. त्रास सुरू झाल्याची तारीख आणि वेळ डॉक्टरांना सांगावी, सगळे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने लावून न्यावेत, आणि दोन दिवसांनी पुन्हा रक्त द्यायला सांगितलं तर ‘परवाच तर केलं’ म्हणून टाळू नये. घेत असलेली सगळी औषधं सांगावीत, झाडपाल्याचीसुद्धा, कारण तीही यकृताला दुखवू शकतात. आणि कावीळ असताना थंडी वाजून ताप आला, पांढुरकी शौच होऊ लागली, बरगडीखाली कळ उठली किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर पुढच्या रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावं.